नवीन व्हर्जन न टाकता फीचर हळूहळू चालू करायचं, आणि बंद म्हटलं की खरंच बंद झालं पाहिजे असं

ॲपचं नवीन व्हर्जन एकदा लोकांच्या फोनवर गेलं की ते परत मागवता येत नाही. वेबसाइटवर गडबड झाली तर सर्व्हरवर जुना कोड परत टाकला की झालं, पुढच्या रिफ्रेशला सगळ्यांना जुनं दिसतं, पण फोनवर तसं नाही. प्ले स्टोअरवर टक्केवारीने रिलीज सोडता येतं, ॲपलकडे सात दिवसांचं फेज्ड रिलीज आहे (१, २, ५, १०, २०, ५० आणि मग १०० टक्के), दोन्ही मधेच थांबवताही येतात, पण थांबवणं म्हणजे फक्त पुढच्या लोकांना ते आपोआप न देणं. ज्यांच्या फोनवर ते आधीच बसलंय त्यांच्याकडे ते तसंच राहतं. त्यांना सोडवायचं तर दुरुस्त व्हर्जन बनवा, टेस्ट करा, रिव्ह्यूला पाठवा आणि मग माणूस अपडेट कधी करतोय त्याची वाट बघत बसा.

म्हणून बरेच लोक रिमोट कॉन्फिग वापरतात. कल्पना साधी आहे: नवीन व्हर्जनमध्ये जुना आणि नवा असे दोन्ही मार्ग टाकायचे, म्हणजे रुळाचे दोन्ही फाटे आधीच घालून ठेवायचे, आणि गाडी कुठल्या फाट्यावर जाणार ते सर्व्हरवरच्या एका व्हॅल्यूने ठरवायचं. ती व्हॅल्यू म्हणजे फ्लॅग. यात एक मर्यादा आपोआप येते, की जो कोड ॲपमध्ये नाहीच तो फ्लॅगने येत नाही. नवा कोड बाहेरून उतरवून चालवायला ॲपलचे नियम परवानगी देत नाहीत, आणि रिव्ह्यू करणाऱ्यापासून लपवलेलं फीचर नंतर फ्लॅगने उघडणंही त्यांच्या २.३.१ नियमात बसत नाही, त्यामुळे फ्लॅगमागे जे आहे ते रिव्ह्यूच्या नोट्समध्ये सरळ लिहून टाकावं.

चालू करण्याबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं सापडतं. मला बोलायचंय ते बंद करण्याबद्दल, कारण कन्सोलवर बटण बंद केलं म्हणजे लोकांच्या फोनवर बंद झालं असं नसतं, आणि या दोन्हींच्या मधे जो वेळ जातो त्यातच सगळे घोळ होतात.

एक उदाहरण धरून चालू. समजा एक फोटो शेअर करायचं ॲप आहे. आत्ता फोटो अपलोड करताना अख्खी फाइल एकाच रिक्वेस्टमध्ये जाते, नेटवर्क मधे तुटलं की पहिल्यापासून परत. नवीन पद्धतीत फाइलचे तुकडे करून पाठवायचे, म्हणजे तुटलं तर उरलेलेच तुकडे परत जातील. ५.२.० या व्हर्जनमध्ये दोन्ही पद्धती टाकल्यात आणि फायरबेस रिमोट कॉन्फिग वापरतोय. (दुसरी कुठली सर्व्हिस असेल किंवा स्वतःच्या सर्व्हरवरून जेसन फाइल देत असाल तरी प्रश्न हेच राहतात, फक्त आकडे बदलतील.)

सगळ्यात आधी फ्लॅगचा प्रकार. पहिला विचार येतो तो हो किंवा नाही असा, `chunked_upload_enabled`, खरं नाहीतर खोटं. पण विचार करा, फ्लॅग खोटा केला त्या क्षणी ज्या फोनवर एका फोटोचे दहापैकी सहा तुकडे गेलेत त्याचं काय करायचं? टाकून द्यायचे आणि जुन्या पद्धतीने परत पाठवायचे, की उरलेले चार पाठवून संपवायचं? उत्तर बग कुठे आहे त्यावर ठरतं. सर्व्हरवर लोड वाढलाय म्हणून थांबवत असाल तर चालू असलेले पूर्ण होऊ देणं शहाणपणाचं, पण तुकडे जोडतानाच फोटो खराब होत असेल तर एकही पुढे जाता कामा नये. म्हणून मी इथे तीन व्हॅल्यू ठेवेन: `on`, `drain` आणि `off`. `drain` म्हणजे नवीन काही या पद्धतीने सुरू करू नको, पण सुरू झालेलं संपव.

```kotlin
val mode = when (rc.getString("chunked_upload_mode")) {
    "on"    -> Mode.ON
    "drain" -> Mode.DRAIN
    else    -> Mode.OFF
}
val chunkKb = rc.getLong("chunk_size_kb").coerceIn(128, 4096)
```

यात `else` महत्त्वाचा आहे. कोणी कन्सोलवर `On` असं मोठ्या अक्षरात लिहिलं, मागे स्पेस राहिली, किंवा उद्या चौथी व्हॅल्यू निघाली जी या जुन्या व्हर्जनला माहीतच नाही, तरी सगळं जुन्या, खात्रीच्या मार्गावर जाऊन पडतं. तसंच शेवटच्या ओळीतलं `coerceIn`. तुकड्याचा साइज रिमोटवर ठेवला ते चांगलंच, पण कोणी ५१२ च्या जागी ० टाकला तर शून्य लांबीचा तुकडा पाठवणारा लूप पुढे सरकतच नाही, अपलोड कधी संपत नाही, फोन तापतो आणि क्रॅश नसल्यामुळे क्रॅश रिपोर्टमध्ये अवाक्षर दिसत नाही. रिमोटवरून आलेली व्हॅल्यू म्हणजे बाहेरून आलेला इनपुट, माणसाने फॉर्ममध्ये टाइप केलेल्या आकड्याइतकाच अविश्वासाचा, तो तपासूनच घ्यायचा.

आता ॲपमध्ये लिहिलेला डिफॉल्ट. तो `off` ठेवायचा, कारण पहिल्यांदा इन्स्टॉल केल्यावर, किंवा आधी काहीच आणलेलं नसताना नेटवर्क नसेल वा कॉन्फिग सर्व्हरच बंद पडला असेल तर, हीच व्हॅल्यू लागू होणार असते. डिफॉल्ट द्यायचाच विसरलात तर फायरबेस स्ट्रिंगसाठी रिकामी स्ट्रिंग, आकड्यासाठी ०, आणि बूलियनसाठी खोटं देतं, आणि वरचा शून्याचा लूप असाही जन्माला येऊ शकतो.

हे झालं की पुढचा प्रश्न, व्हॅल्यू फोनवर पोचते कधी. फायरबेसमध्ये आणणं आणि लागू करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. `fetch()` सर्व्हरवरून व्हॅल्यू आणून बाजूला ठेवतं, `activate()` ती बाजूला ठेवलेली व्हॅल्यू खरंच वापरात आणतं. वेगळ्या ठेवल्यात कारण आणलेली व्हॅल्यू लगेच लागू केली तर स्क्रीन बघत असतानाच बदलू शकते, बटण एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतं, हे कोणालाच नको असतं. म्हणून एक प्रचलित पद्धत अशी, की ॲप उघडताना गेल्या वेळी आणलेलं लागू करायचं आणि पुढच्या वेळेसाठी नवीन आणून ठेवायचं:

```kotlin
rc.activate().addOnCompleteListener {
    startApp()      // गेल्या वेळचं लागू झालं
    rc.fetch()      // हे पुढच्या वेळी लागू होईल
}
```

ॲप पटकन उघडतं, काही उड्या मारत नाही, सगळं छान. पण हेच बंद करण्याच्या बाजूने बघा. सोमवारी सकाळी एका यूजरच्या फोनवर `on` आलं. सोमवारी दुपारी तुम्हाला बग दिसला, तुम्ही `off` केलं. तो माणूस गुरुवारी ॲप उघडतो. उघडल्याबरोबर `activate()` चालतं आणि सोमवारचं `on` लागू होतं, मग मागे `fetch()` जाऊन `off` आणतं आणि बाजूला ठेवतं. तो फोटो अपलोड करतो, तुम्ही तीन दिवसांपूर्वी बंद केलेल्या मार्गाने. `off` लागू होणार तो त्यापुढच्या वेळी. म्हणजे या पद्धतीत फ्लॅग बंद व्हायला ॲप दोनदा उघडावं लागतं, आणि प्रत्येक यूजरला बिघडलेल्या मार्गावरची एक फेरी जास्तीची मिळते.

त्यात आणखी भर म्हणजे फायरबेसमध्ये दोन `fetch()` मधलं किमान अंतर डिफॉल्टने १२ तासांचं आहे. तेवढ्या वेळात ॲपने कितीही वेळा मागितलं तरी फोनवरच साठवलेली व्हॅल्यू परत मिळते. म्हणजे दिवसातून वीस वेळा ॲप उघडणारा माणूससुद्धा बारा तास जुन्या व्हॅल्यूवर राहू शकतो. हे अंतर शून्य करून टाकलं की प्रश्न मिटेल असं वाटतं, पण मग थोड्या वेळात फार रिक्वेस्ट गेल्या की थ्रॉटलिंग होतं आणि नेमक्या गरजेच्या वेळी `fetch()` एरर देतं. शून्य अंतर डेव्हलपमेंटपुरतं ठीक.

यावर उपाय तीन थरांचा ठेवावा असं माझं ठाम मत आहे. पहिला थर, रियलटाइम लिसनर (`addOnConfigUpdateListener`). ॲप उघडं असेल तेव्हा सर्व्हरवर बदल झाला की तो कळतो आणि नवीन व्हॅल्यू आणली जाते, यात ते १२ तासांचं अंतर आड येत नाही, मात्र `activate()` तुम्हालाच करायचं असतं. तिथे सरसकट सगळं लागू न करता आधी बघा की बदललेल्या नावांमध्ये हा फ्लॅग आहे का, असेल तर लागू करा, कारण अपलोडचा मार्ग बदलल्याने स्क्रीनवर काही हलत नाही (`activate()` बाकीच्या व्हॅल्यूही लागू करतं, त्यामुळे स्क्रीनची रचना ठरवणाऱ्या व्हॅल्यू सुरुवातीलाच वाचून जपून ठेवाव्यात). दुसरा थर, जे काम मागे चालतं आणि ज्यासाठी दोन सेकंद थांबायला हरकत नाही, त्यात सुरुवातीला थोडी वाट बघून ताजी व्हॅल्यू घेणं. तिसरा थर मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: सर्व्हरला नाही म्हणता आलं पाहिजे. तुकडे घेणाऱ्या एंडपॉइंटने "ही पद्धत बंद आहे" असं ठरलेलं उत्तर दिलं की ॲपने तो फोटो निमूटपणे जुन्या पद्धतीने पाठवायचा. फोनवर कुठली व्हॅल्यू अडकून बसलीये याच्याशी मग काही घेणंदेणं राहत नाही. अर्थात हे ५.२.० बाहेर पडायच्या आधी लिहिलेलं असलं पाहिजे, नंतर सुचून उपयोग नाही. आणि हे फक्त सर्व्हरशी बोलणाऱ्या फीचरला जमतं, निव्वळ फोनवर चालणाऱ्या गोष्टीला पहिल्या दोनच थरांवर भागवावं लागतं.

या सगळ्यांच्याही पलीकडचा एक प्रसंग आहे, तो म्हणजे फ्लॅग चालू झाल्यावर ॲप उघडतानाच क्रॅश होणं. समजा अर्धवट राहिलेली अपलोड्स ॲप सुरू होताना वाचली जातात आणि त्या वाचण्यातच बग आहे. आता क्रम बघा: ॲप उघडलं, साठवलेलं `on` लागू झालं, अर्धवट यादी वाचायला गेलं, क्रॅश. `fetch()` पर्यंत गाडी पोचतच नाही. तुम्ही कन्सोलवर `off` करून दोन दिवस झाले तरी त्या फोनला ते कधीच कळणार नाही, माणसाने ॲप काढून परत टाकेपर्यंत.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात जगाने मोठ्या प्रमाणावर हेच बघितलं. सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन नव्हतं, कॉन्फिगरेशनच्या स्वरूपाची एक कंटेंट फाइल होती, ती टप्प्याटप्प्याने न जाता सगळ्यांकडे गेली. युटीसी वेळेनुसार ४ वाजून ९ मिनिटांनी ती बाहेर पडली आणि ५ वाजून २७ मिनिटांनी मागे घेतली गेली, म्हणजे सव्वा तासाच्या आसपास. तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन अडकल्या, आणि कित्येकांना माणसाने हाताने जाऊन सोडवावं लागलं, कारण जी मशीन सुरू होतानाच कोसळते तिच्यापर्यंत दुरुस्त फाइल पोचणार कशी?

ॲपमध्ये यावर इलाज फार अवघड नाही. ॲप सुरू झाल्याबरोबर, बाकी काहीही करायच्या आधी, फोनच्या स्टोरेजमध्ये एक आकडा एकने वाढवायचा आणि तो लगेच डिस्कवर लिहिला गेलाय याची खात्री करायची. ॲप दहा सेकंद नीट चाललं की तो शून्य करायचा. उघडताना, वाढवायच्या आधी, तो आकडा २ किंवा जास्त दिसला तर समजायचं मागच्या दोन वेळा दहा सेकंदसुद्धा टिकलो नाही, मग रिमोटच्या व्हॅल्यू वापरायच्याच नाहीत, ॲपमधले डिफॉल्ट घ्यायचे, अर्धवट यादीला हात लावायचा नाही, आणि आधी ताजं कॉन्फिग आणायचं. कधीकधी माणूस स्वतःच ॲप उघडून पाच सेकंदात बंद करतो, असं दोनदा झालं तर उगाच डिफॉल्ट लागू होतील, पण त्यात नुकसान काय, जुनी पद्धत तर चालतेच आहे.

आता हळूहळू चालू करणं. "५ टक्के लोकांना" म्हणजे नक्की कुठल्या? दर वेळी चिठ्ठी टाकून ठरवलं तर तोच माणूस सकाळी नव्या मार्गावर आणि दुपारी जुन्यावर जाईल. म्हणून प्रत्येक फोनला किंवा अकाउंटला एक कायमचा नंबर मिळेल अशी सोय लागते, स्वतः करायची झाली तर साधारण अशी:

```
bucket = hash("chunked_upload_mode:" + userId) % 100
```

हॅश त्याच इनपुटला तेच उत्तर देतो, त्यामुळे माणसाचा नंबर, ० ते ९९, बदलत नाही. ५ टक्के म्हणजे ज्यांचा नंबर ५ पेक्षा कमी ते, आणि पुढे २० केलं की ते आधीचे आत राहतातच, नवीन १५ त्यात मिळतात. फ्लॅगचं नावही हॅशमध्ये घातलंय कारण ते नसेल तर प्रत्येक फीचरच्या वेळी तीच पहिली पाच टक्के माणसं सापडतात, प्रत्येक बग आधी त्यांनाच, आणि दोन फीचर एकाच वेळी चालू असतील तर त्रास कुठल्यामुळे झाला ते सुटं करता येत नाही. फायरबेसमध्ये हे काम रँडम पर्सेंटाइलची कंडिशन करते, तिला सीड बदलायची सोय आहे, ती याचसाठी. तिथे नंबर इन्स्टॉलेशनला मिळतो, माणसाला नाही, त्यामुळे ज्याच्याकडे फोन आणि टॅबलेट दोन्ही आहेत तो दोन वेगळ्या गटात असू शकतो. फोटो अपलोडला याने काही बिघडत नाही, पण दोन्हीकडे सारखंच दिसलं पाहिजे असं फीचर असेल तर अकाउंटवरूनच नंबर काढावा.

आकडे घालून बघू. समजा रोज २,००,००० लोक ॲप वापरतात, त्यातल्या ४० टक्क्यांनी ५.२.० घेतलंय, म्हणजे ८०,०००. कंडिशनमध्ये व्हर्जन ५.२.० किंवा पुढचं असं घातलं आणि ५ टक्के ठेवले तर नव्या मार्गावर ४,००० लोक. आता तुलना कोणाशी करायची? उरलेल्या १,९६,००० लोकांशी करू नका. त्यात जुन्या व्हर्जनवाले आहेत, आणि जो लगेच अपडेट करतो त्याचा फोन बऱ्याचदा नवा असतो, वायफायवर असतो, त्याची अपलोड्स तशीही जास्त यशस्वी होणार, मग तुमची नवी पद्धत फुकटच चांगली दिसते. तुलनेसाठी ५.२.० वरच्याच लोकांतला दुसरा ५ टक्क्यांचा गट घ्यायचा, ज्यांना मुद्दाम `off` दिलंय.

दोन्ही गटांत प्रत्येकी ४,००० माणसं, दिवसाला सरासरी ३ फोटो, म्हणजे १२,००० अपलोड. जुन्या पद्धतीत २ टक्के अपलोड फसतात असं धरलं तर ते २४० झाले. नव्या गटात २६० आले तर वाईट का? नाही सांगता येत. २४० सारखा आकडा नुसत्या योगायोगाने पंधराएक इकडेतिकडे हलतो (त्याचं वर्गमूळ साधारण तेवढंच येतं), दोन्ही गट हलतात, त्यामुळे वीस-पंचवीसच्या फरकावर काही ठरवू नये. ३४० आले तर मात्र योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, थांबवायचं. आणि याच्या आधीची १ टक्क्याची पायरी? तिथे ८०० माणसं, २,४०० अपलोड, फसलेली ४८. तेवढ्यात छोटा फरक दिसणारच नाही, १ टक्का असतो तो क्रॅशसारखं ढळढळीत काही आहे का ते बघायला. आणखी एक काळजी, अपलोड मोजता तसंच किती वेगवेगळ्या माणसांची फसली तेही मोजा. एक बिघडलेला फोन रात्रभर परत परत प्रयत्न करत राहिला तर एकटाच दोनशे अपयशं तयार करतो आणि अख्खा गट बदनाम होतो.

हे मोजायचं तर प्रत्येक अपलोडच्या लॉगमध्ये तो नक्की कुठल्या मार्गाने गेला ते लिहिलेलं पाहिजे, कन्सोलवर काय आहे ते नव्हे, तर त्या क्षणी त्या फोनवर काय लागू होतं ते. वर बघितलंच की दोन्हींत तीन दिवसांचं अंतर असू शकतं. क्रॅश रिपोर्टलाही ही व्हॅल्यू चिकटवा, क्रॅशलिटिक्समध्ये `setCustomKey` ने होतं, म्हणजे क्रॅश झालेल्यांपैकी कितीजण `on` वर होते ते लगेच बघता येतं. आणि कोडमध्ये फ्लॅग एका अपलोडच्या सुरुवातीला एकदाच वाचायचा आणि तीच व्हॅल्यू शेवटपर्यंत हातात ठेवायची, पाच ठिकाणी पाचदा वाचला आणि मधेच बदलला तर सुरुवात तुकड्यांनी आणि शेवट जुन्या पद्धतीने असला विचित्र प्रकार होतो, जो टेस्टिंगमध्ये कधीच सापडत नाही. मधेच थांबायला सांगायचं काम सर्व्हरच्या नकाराकडे सोडा, तुकडा तुकडा करून जात असल्यामुळे पुढच्या तुकड्याला नकार मिळतोच.

पायऱ्या १, ५, २०, ५०, १०० अशा ठेवल्या तर प्रत्येक पायरीवर निदान पूर्ण दिवस, आणि माझ्या मते दोन दिवस, थांबा. सकाळी ५ चे २० केले, संध्याकाळी ग्राफ शांत दिसला म्हणून ५० केले, तर बऱ्याच फोनवर २० ची व्हॅल्यू अजून पोचलेलीच नसते, आणि तुम्ही बघत असता तो ग्राफ ५ टक्क्यांचाच असतो. शांतता असते ती न पोचल्याची.

एक गोष्ट मात्र फ्लॅगने सुटत नाही, ती म्हणजे लिहिलेला डेटा. समजा नव्या पद्धतीने फोनवरच्या डेटाबेसमध्ये अर्धवट अपलोडचा नवीन टेबल बनवला, किंवा वाईट म्हणजे जुन्या टेबलचाच फॉरमॅट बदलला. `off` केल्यावर कोड जुन्या मार्गावर जातो, पण डेटा नव्या फॉरमॅटमध्येच आहे आणि जुन्या मार्गाला तो वाचता येत नाही. म्हणून फॉरमॅट बदलणारं काही असेल तर ते दोन व्हर्जनमध्ये करायचं, आधीच्या व्हर्जनमध्ये दोन्ही फॉरमॅट वाचता येतील एवढंच टाकायचं, ते बहुतेकांकडे पोचल्यावरच पुढच्यात नवा फॉरमॅट लिहायचा फ्लॅग आणायचा. उदाहरणात आपण वेगळा टेबल ठेवला आणि मूळ फोटोची फाइल अपलोड पूर्ण होईपर्यंत हलवली नाही, त्यामुळे `off` वर तो टेबल दुर्लक्षित करून फोटो पहिल्यापासून पाठवता येतो.

या फ्लॅगमध्ये काही गुपित ठेवायचा मोह होऊ देऊ नका, एपीआयची की वगैरे. कॉन्फिग फोनवर येतं म्हणजे फोनवाल्याला ते वाचता येतं आणि बदलताही येतं. पैसे भरलेत का, परवानगी आहे का, हे सर्व्हरनेच तपासायचं.

शेवटी १०० टक्के झालं, महिनाभर सगळं नीट चाललं, आता फ्लॅग काढायचा. इथे लोक घाई करतात. कोडमधून काढायचा तो ५.४.० मध्ये, जुना मार्गही त्यातच पुसायचा, हे बरोबर. पण कन्सोलवरचं नाव लगेच डिलीट केलं की ५.२.० आणि ५.३.० वर बसलेल्या लोकांना व्हॅल्यू मिळणं बंद होतं, त्यांचं ॲप स्वतःच्या डिफॉल्टवर जातं, आणि डिफॉल्ट `off` आहे. म्हणजे तुम्ही साफसफाई समजून जे केलं त्याने हजारो लोक गुपचूप जुन्या पद्धतीवर परत गेले, आणि त्या दरम्यान सर्व्हरवरून जुना एंडपॉइंट काढला असेल तर त्यांचे फोटो जाणंच बंद. त्यामुळे कन्सोलवर `on` तसंच राहू द्या, फ्लॅग वाचणारी व्हर्जन किती लोक वापरतायत ते लॉगमध्ये बघत राहा, आणि तो आकडा तुम्हाला सोडून देता येईल इतका खाली आल्यावरच नाव काढा.

आणि ते नाव परत दुसऱ्या कशाला वापरू नका. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीत जुन्या, वर्षानुवर्षं न वापरलेल्या कोडचा फ्लॅग नव्या कामासाठी परत वापरला गेला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नव्हता, तिथे त्या फ्लॅगचा अर्थ जुनाच होता, फ्लॅग चालू झाला आणि तो जुना कोड जागा होऊन ऑर्डरमागून ऑर्डर पाठवत सुटला. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. त्यांच्याकडे जुना कोड असलेला एक सर्व्हर होता, आपल्याकडे जुना कोड असलेले फोन हजारोंनी असतात आणि त्यांच्यावर आपला हात नसतो, म्हणून फ्लॅगच्या नावात मी तरी वर्ष आणि महिना घालतो, `chunked_upload_mode_2025_03` असं. दिसायला लांबलचक आहे, पण दोन वर्षांनी कोणी परत तुकड्यांच्या अपलोडला हात घालेल तेव्हा हे नाव त्याच्याकडून चुकून वापरलं जाणार नाही.